तक्त्यातील एक ओळ : बी-१२

पोषणशास्त्राच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याकडून एक तक्ता हमखास करून घेतला जातो. आडव्या ओळींत जीवनसत्त्वे आणि खनिजे. उभ्या रकान्यांत त्यांची दैनंदिन गरज, ती भागविणारे अन्नपदार्थ आणि कमतरतेची लक्षणे. पुष्कळ घरांत आता असा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवरही दिसतो. काही ओळींपुरता तो उत्तम काम करतो. रातांधळेपणा दिसला की ‘अ’ जीवनसत्त्व, गळ्याशी गाठ आली की आयोडीन, हिरड्यांतून रक्त येऊ लागले की ‘क’, लहान मुलाचे पाय वाकले की ‘ड’. येथे लक्षणच बहुधा कमतरतेचे नाव सांगते.

परंतु त्याच तक्त्यात लोह, फोलेट आणि बी-१२ या तीन ओळी एकाखाली एक ठेवून वाचाव्यात. थकवा, फिकटपणा, जिना चढताना लागणारी धाप, तोंड येणे हे शब्द तिन्ही ओळींत जवळपास तेच आढळतात. लक्षणावरून ओळ शोधू पाहणाऱ्याचे बोट येथे अडते. शाकाहारी कुटुंबात या तिघांपैकी बी-१२ ची ओळ सर्वांत जपून वाचावी लागते. कारण तिच्यातील एकेक रकाना सरळ दिसतो, पण तसा तो नाही.

प्रथम गरजेचा रकाना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढ व्यक्तीसाठी दररोज २.२ मायक्रोग्रॅम हा आकडा ठरविला. त्यापूर्वीच्या शिफारशीत तो १ मायक्रोग्रॅम होता, आणि जुन्या पुस्तकांवरून उतरविलेल्या तक्त्यांत तोच अजून छापला जातो; तेव्हा तक्ता कोणत्या वर्षाचा आहे, हे आधी पाहावे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. रोजचे २.२ मायक्रोग्रॅम ऐंशी वर्षे मोजले तरी बेरीज सुमारे ६४ मिलिग्रॅम होते. सराफी भाषेत बोलायचे तर आयुष्यभराची गरज जेमतेम अर्ध्या गुंजेची! एवढीशी ही गरज शाकाहारी घरात अपुरी का पडावी, याचे उत्तर पुढच्या रकान्यात आहे.

बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करीत नाही, आणि कोणताही प्राणीही तयार करीत नाही. ते केवळ जीवाणू करतात. गाईम्हशींच्या पोटातील जीवाणू चाऱ्यातील कोबाल्ट घेऊन ते घडवितात आणि तेथून ते दुधात उतरते. माणसाच्या मोठ्या आतड्यातही असे जीवाणू असतात. मात्र बी-१२ शोषून घेण्याची जागा लहान आतड्याच्या अखेरच्या भागात, म्हणजे त्याच्या अलीकडेच आहे. त्यामुळे पुढे तयार झालेला माल मागे येत नाही, तो वाया जातो. कंदमुळे वर्ज्य केल्याने किंवा पर्वकाळात हिरवी भाजी सोडल्याने बी-१२ कमी होते, असा एक समज आहे. तो खरा नाही. जे बटाट्यात नाही आणि मेथीतही नाही, ते त्यांच्या त्यागाने कमी कसे होणार? अंडी व मांस न घेणाऱ्या घरात या ओळीचा नैसर्गिक स्रोत एकच उरतो, आणि तो म्हणजे दूध व त्यापासून झालेले पदार्थ.

या रकान्यात कित्येक तक्ते मोड आलेली कडधान्ये, आंबवलेली इडली आणि स्पिरुलिना हेही लिहितात. मोडामुळे ‘क’ जीवनसत्त्व वाढते, बी-१२ नव्हे. इडलीच्या पिठाच्या आंबण्यावर या बाबतीत विसंबता येत नाही. स्पिरुलिनात आढळते ते बरेचसे बी-१२ सारखे दिसणारे, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असे द्रव्य असते. खोट्या नाण्याने गल्ला भरलेला दिसतो, खरेदी मात्र होत नाही. साजूक तुपाचेही तसेच. बी-१२ पाण्यात विरघळणारे आहे, म्हणून लोणी कढविल्यावर जो शुद्ध स्निग्धांश उरतो त्यात ते नसते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, अठ्ठावन्न वर्षांचे एक कापड व्यापारी आहेत. दहा वर्षांचा मधुमेह, त्यासाठी रोज मेटफॉर्मिनची गोळी. गेले वर्षभर दोन्ही तळपायांना मुंग्या येतात. पायाखाली जमीन नसून गादी आहे, असे वाटते. रात्री दिवा मालवला की तोल जातो. अलीकडे ठरलेला भाव ते विसरू लागले आहेत. घरच्यांचे म्हणणे असे की, मधुमेह आहे, मुंग्या यायच्याच. व्यापारी स्वतः म्हणतात, “घरी दुभते आहे, दुधातुपाची कमी नाही, मग कमतरता कशाची?”

ही कमी नाही म्हणजे किती, ते मोजून पाहावे. सकाळ-दुपारचा दोन वेळचा चहा, त्यात मिळून १०० मिलिलिटर दूध. जेवणात दह्याची एक वाटी, सुमारे १०० ग्रॅम. सूर्यास्तापूर्वी एक पेला दूध, २०० मिलिलिटर. कच्च्या दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये बी-१२ साधारण ०.४ मायक्रोग्रॅम असते. दूध उकळल्याने त्यातील काही भाग नाहीसा होतो. ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश, आणि पुन:पुन्हा उकळल्यास अधिक. दही लावताना विरजणाचे जीवाणूही थोडे वापरतात. म्हणून प्रत्येक १०० मिलिलिटरला ०.३ धरणे योग्य. चहाचे ०.३, दह्याचे ०.३, पेलाभर दुधाचे ०.६, एकूण १.२ मायक्रोग्रॅम. गरज २.२. घरात दुभते असूनही रोजच्या खात्यात सुमारे एक मायक्रोग्रॅमची तूट आहे. जेवणावर वाढलेल्या तुपाची धार या हिशेबात शून्यच धरावी लागते.

तूट भरून काढण्यासाठी एकदम लिटरभर दूध पिऊन उपयोग नाही. जठरात तयार होणारे एक प्रथिन बी-१२ ला धरून आतड्यापर्यंत नेते, आणि या वाहकाची एका वेळची क्षमता दीड ते दोन मायक्रोग्रॅमची आहे. दूध, दही, ताक, पनीर दिवसभरात विभागून घेतलेले अधिक उपयोगी पडते ते यासाठी. वय वाढते तसे जठरातील आम्ल कित्येकांत घटते, आणि अन्नातील बी-१२ सुटे होण्यास त्या आम्लाचीच गरज असते. आम्लपित्तावरील गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत हीच अडचण औषधाने निर्माण होते. मेटफॉर्मिन आतड्यातील शोषणात व्यत्यय आणते. थोडक्यात, व्यापाऱ्यांच्या ताटात १.२ पडले तरी शरीराच्या पदरात तेवढेही पडत नाही.

मग हे इतक्या उशिरा का उमगावे? कारण शरीर बी-१२ ची शिल्लक बाळगते, मुख्यतः यकृतात. उत्तम साठा असलेल्या माणसात ती दोन ते तीन मिलिग्रॅम भरते आणि दररोज तिचा सुमारे हजारावा भाग खर्च होतो. अडीच मिलिग्रॅम शिलकेवर आवक अजिबात थांबली तरी काही वर्षे काम चालते. फोलेटची शिल्लक तीन-चार महिन्यांत संपते; म्हणून त्याची तूट लवकर उघडकीस येते. बी-१२ चा व्यवहार जुन्या पेढीसारखा आहे. आवक कमी झाली तरी पुष्कळ काळ बाहेर कोणाला कळत नाही. जन्मापासून शाकाहारी माणसात तर मुळात ही शिल्लकच बेताची असते.

व्यापाऱ्यांच्या रक्ताच्या अहवालाकडे वळू. हिमोग्लोबिन १२.४, म्हणजे पुरुषाच्या १३ या मर्यादेहून किंचित कमी. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान, ज्याला अहवालात एमसीव्ही म्हणतात, ते ८९. नेहमीची मर्यादा ८० ते १००. आकारमान मध्यभागी आहे, म्हणून गंभीर काही नाही, असा निष्कर्ष कोणीही काढील. येथेच फसगत होते.

लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान होतात. बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की त्या मोठ्या होतात. दोन्ही एकाच वेळी कमी असतील, तर काही पेशी लहान, काही मोठ्या, आणि सरासरी मात्र अगदी निर्दोष. वहीखाते लिहिणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. एका खात्यात शंभर कमी आणि दुसऱ्यात शंभर जास्त लिहिले गेले, तर तेरीज बरोबर जुळते आणि दोन्ही चुका तशाच राहतात. त्या शोधण्याचा मार्ग अहवालातच असतो. पेशींच्या आकारातील तफावत दाखविणारा आरडीडब्ल्यू नावाचा आकडा साधारण साडेचौदापर्यंत असावा; व्यापाऱ्यांचा १८ आहे. काचपट्टीवर रक्त पाहणाऱ्या तज्ज्ञाला लहान-मोठ्या पेशी शेजारी-शेजारी दिसतात.

पुढील तपासात दोन्ही चुका वेगळ्या झाल्या. लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिन ११, म्हणजे बरेच कमी; बी-१२ प्रत्येक मिलिलिटरला १४२ पिकोग्रॅम. दोनशेच्या खाली कमतरता मानतात. दोनशे ते तीनशे हा संशयाचा पट्टा, आणि त्यात असणाऱ्यांना होमोसिस्टीनची तपासणी सुचविली जाते, कारण बी-१२ अपुरे असले की ते द्रव्य रक्तात साचते. लोहाच्या बाबतीत डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतील. या वयाच्या पुरुषाचे लोह केवळ आहारामुळे घटले, असे सहसा मानू नये. रक्त कोठून जाते आहे, ते पाहावे लागते. आपल्या उदाहरणात संकोचामुळे लपविलेली मूळव्याध निघाली, असे धरू; पण पोटातील व्रण किंवा आतड्याचा विकारही असू शकतो. लोहाची गोळी सुरू करून हा शोध टाळणे धोक्याचे.

मुंग्यांची गोष्ट याहून निराळी आहे, आणि तीच अधिक गंभीर. मज्जातंतूंवर विजेच्या तारेसारखे एक वेष्टन असते. ते सुस्थितीत राखण्यास बी-१२ लागते, तेथे ना लोह उपयोगी पडते ना फोलेट. मज्जारज्जूच्या मागील भागावर परिणाम झाला की पाय कोठे आहेत, हे डोळ्यांनी पाहिल्याविना कळेनासे होते; अंधारात तोल जातो तो यामुळे. मधुमेहानेही मुंग्या येतात हे खरे. दोन्ही कारणे एका माणसात एकत्र नांदू शकतात, म्हणून मेटफॉर्मिन घेणाऱ्याने अधूनमधून बी-१२ तपासून घ्यावे. गोळी मात्र परस्पर बंद करू नये.

रक्त ठीक दिसत असताना मज्जातंतू बिघडू शकतात, हे वैद्यकशास्त्र फार मोठी किंमत देऊन शिकले. त्या इतिहासाचा एक धागा मुंबईचा आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांत एक जीवघेणा रक्तक्षय आढळत असे आणि त्यात तांबड्या पेशी मोठ्या होत. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिने या स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्याला पुढे विल्स घटक म्हणत, तेच फोलेट. १९४५ मध्ये अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले, आणि मोठ्या पेशींच्या प्रत्येक रक्तक्षयावर ते दिले जाऊ लागले. हिमोग्लोबिन वाढे, चेहरे उजळत. पण ज्यांना वस्तुतः बी-१२ ची कमतरता होती, त्यांच्यापैकी अनेकांचे पाय त्याच काळात लुळे पडत गेले. बी-१२ स्वतंत्रपणे हाती लागले ते १९४८ मध्ये, आणि मग कोडे उलगडले. फोलेटने रक्ताची चूक झाकली होती; मज्जातंतूंची तशीच चालू होती.

शाकाहारी घराला हा इतिहास दूरचा नाही. चणा, मूग, तूर, पालक, मेथी यांमुळे ताटात फोलेट भरपूर असते. त्यामुळे पेशी फारशा मोठ्या होत नाहीत, फिकटपणा बेताचाच राहतो आणि पहिली खूण रक्तात नव्हे, तर तळपायांत, जिभेत किंवा स्मरणशक्तीत प्रकटते. गुळगुळीत, लालसर, झोंबणारी जीभ ही त्यांतली सहज पाहता येणारी खूण. भिंतीवरच्या तक्त्यात बी-१२ समोर ‘रक्तक्षय’ हा शब्द पहिला छापलेला असतो. आपल्याकडे तो दुसरा छापावयास हवा.

गरोदरपणात या दोन ओळींचे नाते आणखी नाजूक होते. सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास चालविला. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांचे बी-१२ कमी आढळले. ज्या मातांचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीर दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. मधुमेहाकडे जाणारी ही पहिली पायरी होय. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून लाल गोळी सोडावी, असा अर्थ कोणी काढू नये. लोह आणि फॉलिक आम्ल आईला व बाळाला आवश्यकच आहे. मात्र त्यासोबत बी-१२ तपासावे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास तेही घ्यावे. २०२० च्या शिफारशीत गरोदर स्त्रीची गरज २.४५ आणि अंगावर पाजणारीची ३.२ मायक्रोग्रॅम आहे.

आईच कमी असेल, तर बाळ जवळजवळ रिकाम्या तिजोरीनिशी जन्मते आणि आईच्या दुधातूनही त्याला पुरेसे मिळत नाही. चार-सहा महिन्यांपर्यंत सर्व ठीक भासते. नंतर हसणारे बाळ हसेनासे होते, मान धरणे, बसणे मागे पडते, बोटांच्या पेरांवरील त्वचा काळवंडते, कधी हातपाय थरथरू लागतात. अंगाने बाळ गुटगुटीत असल्यास ‘थोडे आळशी आहे’ म्हणून आजी हसून सोडून देते. शिकलेले विसरणारे बाळ त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. कारण येथे गेलेला काळ सर्वस्वी भरून येईलच, असे नाही.

उपचाराच्या आकड्यांनी पुष्कळ जण गोंधळतात. गरज २.२ मायक्रोग्रॅमची आणि गोळी १००० किंवा १५०० ची, हा अतिरेक नव्हे काय? नव्हे. आधी सांगितलेला वाहक एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेतो. त्याच्याशिवाय, केवळ झिरपून, मोठ्या मात्रेचा सुमारे शंभरावा भाग रक्तात जातो, हजारातून दहा. वाहक अशक्त झालेल्या वृद्धालाही एवढे पुरते, आणि जादा झालेले बव्हंशी लघवीवाटे निघून जाते. मज्जातंतूंची लक्षणे असतील, तर मात्र डॉक्टर बहुधा इंजेक्शनांनीच सुरुवात करतात. रक्ततपासणी त्यापूर्वी झाली पाहिजे. चार गोळ्या घेऊन मग केलेल्या तपासणीत आकडा फुगलेला येतो आणि खरी स्थिती पुन्हा झाकली जाते.

आपल्या व्यापाऱ्यांना बी-१२ आणि लोह दोन्ही द्यावे लागेल. एकटे बी-१२ दिल्यास अस्थिमज्जा जोमाने पेशी घडवू लागते आणि उरलेसुरले लोह झपाट्याने संपते. मग पेशी लहान होऊन हिमोग्लोबिन अडून राहते. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नये, कारण दोन्हींमुळे लोहाचे शोषण घटते. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास वाढते. आठवडाभरात रक्तात नव्या पेशी दिसू लागतात, दोन महिन्यांत हिमोग्लोबिन बहुधा मर्यादेत येते. मुंग्या मात्र सावकाश, कित्येक महिन्यांनी ओसरतात. प्रारंभी त्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटतात, आणि याच टप्प्यावर पुष्कळ जण औषध सोडून देतात. वर्षापेक्षा अधिक काळ अंगावर काढलेल्या तक्रारीचा काही अंश कायमचा उरू शकतो.

गोळी कशापासून होते, हा प्रश्न जैन घरात विचारला जाणारच, आणि तो रास्तही आहे. आज औषधांत वापरले जाणारे बी-१२ जीवाणूंच्या किण्वनाने कारखान्यात तयार होते. पूर्वीसारखे यकृतापासून नव्हे. अडचण असते ती कवचाची. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. त्याऐवजी साधी गोळी, जिभेखाली ठेवण्याची गोळी किंवा वनस्पतिज कवचाची कॅप्सूल मिळते. औषधाच्या दुकानात स्पष्ट विचारून घ्यावी. अलीकडे काही तरुण दुभत्या जनावरांच्या हालांचा विचार करून दूधही सोडू लागले आहेत. त्यांच्या तक्त्यात अन्नस्रोतांचा रकाना पूर्ण रिकामा होतो; तेथे गोळी किंवा बी-१२ घातलेले अन्न हीच नोंद लिहावी लागते, आणि ती दूध सोडल्याच्या दिवसापासूनच. यकृतातील शिल्लक काही वर्षे साथ देईल, या भरवशावर राहू नये. तिचा आकडा कोणत्याही पासबुकात छापलेला नसतो.